जेवणाचे पैसे मागायचे तर हिशोबासकट मागा

टीमच्या जेवणाचं बिल एकाने भरलं आणि कुणाकडून त्याचा वाटा आलाच नाही, की लगेच "बुडवला" असं बोललं जातं. मला हे पटत नाही. बरेचदा पैसे अडकतात ते मागितलेला आकडा चुकीचा किंवा मोघम असतो म्हणून.

समजा, अंबड एमआयडीसीतले सहा जण शुक्रवारी जेवायला गेले. चौघांनी काळ्या रश्श्याची मटण थाळी घेतली, ४८० रुपयांची. दोघांनी शाकाहारी, २६० ची. झाले २४४०, वर ५ टक्के जीएसटीचे १२२, एकूण २५६२. भरणाऱ्याने सरळ सहाने भागलं आणि ग्रुपवर टाकलं, "प्रत्येकी ४२७." खरं तर मटणवाल्याचे होतात ५०४ आणि शाकाहारी माणसाचे २७३. म्हणजे त्याच्यावर १५४ रुपये जास्तीचे पडले. एवढ्यासाठी कोण भांडणार? तो गप्प बसतो, आणि पैसेही तसेच राहतात.

म्हणून ज्याने जे खाल्लं त्याची किंमत घ्या आणि तिला १.०५ ने गुणा. मध्ये ठेवलेला पापड, स्टार्टर, पाण्याच्या बाटल्या हे ज्यांनी घेतलं त्यांच्यातच वाटा. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं बंधनकारक नाही. नको असेल तर काउंटरवरच काढायला सांगा, कारण एकदा पैसे भरले की तो वाद तुमच्या गळ्यात.

मागायचं त्याच संध्याकाळी, आणि वैयक्तिक मेसेजवर. ग्रुपवर तिघांनी "डन" लिहिलं की राहिलेले दोघे सगळ्यांसमोर उघडे पडतात, आणि माणूस दुखावला की पैसे आणखीच लांबतात. बिलाचा फोटो जोडा आणि एवढंच लिहा: "अरे, आजच्या जेवणाचे तुझे २७३ झाले, थाळी २६० अधिक जीएसटी. याच नंबरवर पाठव." साहेबांनाही हेच, फक्त "सर, तुमचे ५०४ झाले" असं. "जमेल तेव्हा द्या" लिहू नका, ते कधीच जमत नाही.

यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्याला पैशांची रिक्वेस्ट पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. त्यामुळे नंबर किंवा क्यूआर पाठवा. आलेल्या पैशांवर कधी बायकोचं, कधी भावाचं नाव दिसतं. आठवण करण्याआधी रक्कम जुळवून बघा. २७३ सारखा आकडा इथेही कामी येतो, गोल ३०० असता तर कुणाचे ते कळलं नसतं. कुणी रोख दिले असतील तर तेही तिथल्या तिथे लिहून ठेवा.

दोन-तीन दिवसांत आले नाहीत तर तोच मेसेज पुन्हा. महिनाअखेर असेल तर दुसरी आठवण पगार झाल्यावर करा. त्यानंतरही नाहीच आले तर एकदा चहाला एकट्याला गाठून विचारा, "काही चुकलंय का हिशोबात?" तरी टाळलं तर विषय सोडा. पुढच्या वेळी ऑर्डर द्यायच्या आधीच वेटरला सांगा, बिलं वेगवेगळी करा. जेवण झाल्यावर सांगितलं तर गर्दीच्या वेळी बरेच जण नाही म्हणतात.