अशुद्ध वाक्य ओळखा

माझी भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि तिच्या मराठीच्या पुस्तकात 'अशुद्ध वाक्य ओळखा' नावाचं एक प्रकरण आहे. प्रत्येक प्रश्नात वाक्यांची एक जोडी. त्यातलं एक निर्मळ, दुसऱ्यात व्याकरणाची चूक. मामा चार ओळी लिहितो, म्हणजे मामाला व्याकरण येत असणार, असा तिचा समज आहे. माहेरच्या माणसांबद्दल गैरसमज बाळगायची सवय तिने आईकडून घेतली आहे.

या जोड्यांची गंमत अशी की एकटं वाक्य वाचलं तर ते बिनतक्रार खपतं. पण दोनातलं एक नक्की चुकलंय असं कानावर आलं, की दोन्ही संशयास्पद दिसू लागतात. 'तो घरी गेला' हे वाक्य मिनिटभर टक लावून बघा. 'घरी' बरोबर आहे ना? की 'घरात'? मुळात तो गेलाच कशाला? जोडीत तेच वाक्य दोनदा देऊन एकाच जागी फरक केला असेल तर निदान बोट कुठे ठेवायचं ते कळतं. दोन अगदी वेगळी वाक्यं दिली की खरी परीक्षा. त्यातही प्रश्न काढणारे गृहस्थ वस्ताद. निर्दोष वाक्यात 'बहिणीला', 'किंकर्तव्यमूढ' असले शब्द पेरतात. आपण तिथली ह्रस्व-दीर्घ तपासत बसतो, आणि शेजारच्या तीन शब्दांच्या गरीब वाक्यात चूक निवांत बसलेली असते.

उदाहरणार्थ, हे तीन शब्द: 'मी चहा पिला.'

"यात काय चुकलं?" भाचीने विचारलं. "मी आंबा खाल्ला, मी चहा पिला. सारखंच तर आहे."

सारखं दिसतं, याला कारण 'मी'. प्रथमेतला 'मी' आणि तृतीयेतला 'मी' दिसायला एकच, 'ने' कुठे दिसतच नाही. म्हणून असल्या वाक्यात 'मी'ला उठवायचं आणि त्याच्या जागी सुमनला बसवायचं. सुमनने आंबा खाल्ला. इथे 'ने' आला, आणि 'खाल्ला' आंब्याच्या मागे गेला. आंब्याऐवजी पोळी ठेवली तर 'खाल्ली' होईल, हा कर्मणी प्रयोग. आता चहा. प्रमाण मराठीत 'सुमन चहा प्यायली'. 'ने' नाही, आणि क्रियापद सुमनच्या मागे. चहाऐवजी कॉफी दिली काय, दूध दिलं काय, ती 'प्यायली'च. म्हणजे कर्म समोर असूनही प्रयोग कर्तरी. म्हणून 'मी चहा प्यालो' किंवा 'प्यायलो'.

हे सगळं मी समजावून सांगत असताना आमच्या सौभाग्यवती चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचं माहेर नागपूरचं.

"आमच्याकडे सगळेच चहा पिला म्हणतात," त्या म्हणाल्या.

"बोलीत बरोबरच आहे गं. परीक्षेत प्रमाण भाषा विचारतात."

"मग परीक्षेतला चहा प्या," असं म्हणून ट्रे परत स्वयंपाकघरात गेला.

या 'ने'चं वागणं मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आलंय. भूतकाळात कर्म असलेल्या बहुतेक क्रियापदांच्या कर्त्याला तो चिकटतो, पण काहींना अजिबात दाद देत नाही. तिने गाणं शिकवलं, पण ती गाणं शिकली. म्हणजे शिकवणाऱ्याला 'ने'चा मान, आणि शिकणारा उघडाबोडका. मी छत्री विसरलो, ती छत्री विसरली. 'तिने छत्री विसरली' हे बसमध्ये चालेल, पेपरात नाही. आणि 'म्हणणे' तर दोन्ही घरचा पाहुणा. 'तो म्हणाला' चालतं, 'त्याने म्हटलं'ही चालतं. 'त्याने म्हणाला' असा एक पाय इथे आणि एक तिथे ठेवला की गुण गेले.

यातली सर्वांत पोचलेली जोडी खेळाच्या मैदानावरची. 'भारताने सामना हरला' हे अशुद्ध, कारण भारत सामना हरतो, 'भारताने' कधी हरत नाही. जिंकलो की मात्र 'भारताने सामना जिंकला'. विजयाचं श्रेय घ्यायला कर्ता 'ने' लावून पुढे येतो आणि पराभवात तो 'ने' कुठे पसार होतो, हे आपल्या क्रिकेटची दैना पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. भाचीच्या पुस्तकातली जोडी मात्र वेगळीच होती: 'भारत सामना जिंकला' आणि 'भारताने सामना जिंकला'. उत्तरसूचीत पहिलं अशुद्ध. आता 'जिंकणे' दोन्ही तऱ्हांनी चालतं. 'तो पैज जिंकला' आणि 'त्याने पैज जिंकली' दोन्ही वाक्यं आपण रोज बोलतो, लिहितो. म्हणजे या जोडीत चूक होती ती फक्त उत्तरसूचीत, आणि तिला ओळखायला पर्याय दिलेला नव्हता.

"मग मी काय लिहू?" भाची रडकुंडीला आली.

"दोन्ही बरोबर लिही."

"तसा गोल नाहीये उत्तरपत्रिकेत!"

पुढची जोडी आली: 'पोलिसांनी चोराला पकडला' आणि 'बाईंनी मुलींना बोलावले'. भाचीने दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. मुली अनेक, मग 'बोलावल्या' नको का? हा सापळा जुना आणि मजबूत. 'पोलिसांनी चोर पकडला' ठणठणीत वाक्य आहे, तिथे क्रियापद चोराच्या मागे जातं. पण चोराला 'ला' लागला की सगळं बदलतं. कर्ता 'नी'च्या आड, कर्म 'ला'च्या आड, आणि बिचारं क्रियापद कुणाच्याच मागे जाऊ शकत नाही. ते मग नपुंसकलिंगी, एकवचनी होऊन तटस्थ उभं राहतं: पकडले, बोलताना पकडलं. हा भावे प्रयोग. म्हणून मुलींनाही 'बोलावले'च. तपासायचं असेल तर कर्म बदलून पाहावं. चोराला, चोरणीला, मांजरीला, कुणालाही पकडा, 'पकडले' हलत नाही. 'चोरांना' मात्र घेऊ नये, कारण 'चोर पकडले'मधलं अनेकवचनही तसंच दिसतं आणि मग चूक असली तरी उमगत नाही. हे मुरलेल्या प्रश्नकर्त्याला पक्कं ठाऊक असतं.

असल्या अभ्यासाचा एक दुष्परिणाम होतो. कान बंद करता येत नाहीत. लग्नाच्या पत्रिकेत, सोसायटीच्या फलकावर, बातम्यांच्या पट्टीत, सगळीकडे जोडीतलं दुसरं वाक्य शोधायची खोड लागते. 'माझी मदत करा' असं कुणी कळवळून म्हणालं, तरी हात पुढे करण्याआधी 'मला मदत करा' हे तोंडातून निघून जातं. त्यामुळे मदत मागणारे कमी झाले, हा फायदाच.

परवा रात्री खाली गलका झाला. आम्ही दोघं जिन्यात धावलो. वॉचमन एका पोराची कॉलर धरून उभा होता.

"साहेब, आम्ही चोराला पकडला!"

"पकडलं!" मी आणि भाची एका सुरात ओरडलो.

"हो ना साहेब, पकडला म्हणूनच सांगतोय!"

"अहो, 'पकडलं' म्हणा," भाची म्हणाली.

तो पोरगा पार घाबरलेला. हातातलं पाकीट पुढे करत म्हणाला, "ताई, मी चोर नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी औषधं मागवली होती, तीच घेऊन आलोय."

भाचीने वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. काकूंनी, औषधं, मागवली होती. 'नी' जागेवर, क्रियापद औषधांच्या मागे.

"सोडा त्याला," ती वॉचमनला म्हणाली.