वडिलांचं पोट धरून

ठाण्यात राहणाऱ्या माणसाने मायक्रोफोनच्या फार जवळ जाऊ नये. सातारकराचं निभावतं. सातारा, कास, सज्जनगड म्हणताना ओठाला ओठ लागत नाही. आमच्याकडे मात्र पांचपाखाडी, कापूरबावडी, बाळकुम, पोखरण, कोपरी, तलावपाळी, घोडबंदर. ज्याने कोणी ही नावं ठेवली त्याला पुढे कधी रेकॉर्डिंग नावाचा प्रकार येणार आहे याची कल्पना नसावी. खात्री करायची असेल तर तळहात तोंडासमोर दोन बोटांवर धरा आणि 'पांचपाखाडी' म्हणा. हाताला जो वारा लागतो, तो मी एका आख्ख्या फाइलमधून वेचून काढला आहे.

फाइल होती बायकोच्या मामांची. भाऊमामा पांचपाखाडीत जन्मले, वाढले आणि तिथूनच निवृत्त झाले. ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्नेहसंमेलनात ऐकवायला त्यांनी 'आठवणीतलं ठाणं' स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं होतं. मुलाने पाठवलेला यूएसबी माईक होता, आणि माईक कसा वापरावा याचं मामांचं सगळं शिक्षण लग्नाच्या हॉलमध्ये झालं होतं. तिथे 'ऐकू येत नाही, जवळ घ्या' एवढी एकच सूचना मिळते. मामांनी माईक इतका जवळ घेतला की मामींनी नंतर त्याची जाळी ओल्या फडक्याने पुसली.

"जावईबापू," मामा म्हणाले, "आवाज झकास लागलाय. जरा किरकोळ साफसफाई करून दे."

मोबाइलवर ऐकलं तर खरंच झकास होतं. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर वाजवताच येत नाहीत, त्यामुळे त्याच्यावर सगळेच निर्दोष सुटतात. मग मी लॅपटॉपला मोठे स्पीकर जोडले. दोन मिनिटांत बायको आतून म्हणाली, "वरचे लोक गाद्या झटकतायत का?" वरचे गावाला गेले होते. ते मामांचे 'प' होते.

यात मामांच्या आवाजाचा काही दोष नाही. 'प' म्हणताना ओठ मिटतात, मागे श्वास कोंडला जातो आणि ओठ उघडले की त्याचा एक झोत सुटतो. आवाज खोलीभर पसरतो. हा झोत मात्र नाकासमोर सरळ जातो आणि वीत-दीड वीत अंतरात विरून जातो. समोर बसलेल्या माणसाचा कान त्या वाटेवर नसतो, म्हणून आपल्याला 'प' नुसता 'प' ऐकू येतो. मामांचा माईक नेमका त्या वाटेवर होता. आतला नाजूक पडदा आवाजाने थरथरण्याऐवजी वाऱ्याने ढकलला गेला, आणि त्या धक्क्याची नोंद साधारण १५० हर्ट्झच्या खालची 'धप्प' अशी झाली. त्यातून समोरूनच ऐकणाऱ्या माईकला या धक्क्याचं वावडं जास्त असतं. शिवाय तोंड जवळ आलं की तो आवाजाचा खर्ज फुगवतो. मामा ज्याला भारदस्तपणा म्हणत होते तो हाच.

पुन्हा रेकॉर्ड करणं हा खरा उपाय. पण मधल्या काळात मामांनी कवळी बदलली होती आणि नव्या कवळीत 'स' शिट्टी घालत होता. त्यामुळे अर्धं ठाणं जुन्या दातांनी आणि अर्धं नव्या दातांनी, असं झालं असतं. थोडक्यात, आहे तेच धुऊन घ्यायचं होतं.

आळशी माणूस पहिल्यांदा करतो तेच मी केलं. 'ऑडॅसिटी' या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅममध्ये आख्खी फाइल निवडली आणि हाय-पास फिल्टर लावला. ही चाळणी ठरावीक आकड्याच्या वरचं जाऊ देते आणि खालचं अडवते. ८० हर्ट्झला लावली तर धप्प जेमतेम मवाळ झाली. २०० ला लावली तर धप्प बरीच गेली, पण तिच्यासोबत मामाही गेले. त्यांच्या आवाजाचा पाया ११० च्या आसपास, म्हणजे तोच उपटला गेला. उरला तो पत्र्याच्या डब्यातून बोलणारा कोणी परका माणूस. धप्प आणि पुरुषाचा खर्ज एकाच तळमजल्यावर राहतात, तेव्हा सगळ्या तळमजल्याला टाळं लावता येत नाही. एकेका धप्पेच्या दारात जावं लागतं.

मग मी एकच वाक्य घेतलं: 'पांचपाखाडीहून वडिलांचं बोट धरून मी पहिल्यांदा बोरीबंदरची गाडी बघायला निघालो.' रेल्वेच्या इतिहासाने इथे माझ्यावर सूड उगवला आहे. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली ती नेमकी बोरीबंदरहून. भायखळ्याहून सुटली असती तरी माझा फार फायदा नव्हता म्हणा, पण दादरहून सुटायला काय हरकत होती?

प्रोग्रॅममध्ये आवाज रेघेसारखा उमटतो, ती रेघ मोठी करून पाहिली की गुन्हेगार डोळ्यांनी दिसतो. स्वराची रेघ दाट असते, एकसारख्या बारीक लाटा जवळजवळ उभ्या. धप्प म्हणजे त्यांच्या आधी दोन-तीन रुंद, सुस्त, अवाढव्य हेलकावे. 'पांच'मधल्या 'प'चे हेलकावे संपायला सेकंदाचा विसावा भाग लागला होता. तेवढाच तुकडा निवडायचा. दोन्ही कडा रेघ शून्यावरून जाते तिथे आणायच्या, त्यासाठी `Z` ही कळ आहे. कडा भलतीकडे पडली की धप्प जाते आणि 'टिक्' येते, म्हणजे घरचं झालं थोडं. मग त्या तुकड्यापुरता फिल्टर १८० हर्ट्झला लावायचा, उतार, म्हणजे आकड्याखालचा आवाज किती झपाट्याने अडवायचा ते, चांगला तीव्र, २४ डेसिबलचा. 'पांच' स्वच्छ झाला. 'पाखाडी' स्वच्छ झाली. `Ctrl+R` दाबलं की मागचाच इलाज पुन्हा होतो हे कळल्यावर तर माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. निवडा, दाबा, पुढे चला.

वाक्य संपलं आणि मी बायकोला कौतुकाने ऐकवलं.

"वडिलांचं काय धरून?" ती म्हणाली.

पुन्हा लावलं. मामा अत्यंत हळव्या आवाजात सांगत होते की ते वडिलांचं पोट धरून निघाले.

दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. पण झालं होतं ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. 'प' म्हणताना ओठ मिटलेले असतात तोवर गळा गप्प असतो. तिथे वाऱ्याशिवाय खालच्या सुरात काहीच नसतं, त्यामुळे कितीही कापा, कोणाचं नुकसान नाही. आपला मराठी 'ब' मात्र ओठ उघडायच्या आधीच गळ्यात गुणगुणायला लागतो. ती बारीक गुणगुण खालच्या सुरातच असते आणि ऐकणाऱ्याला 'हा ब आहे' हे मुख्यतः तीच सांगते. मी धप्पेसोबत ती पुसली, आणि मागे राहिला तो 'प'. पुढे 'बोरीबंदर' 'पोरीपंदर' झालं होतं, ते आमच्या आधी लक्षातच आलं नाही, कारण आम्ही पोटाशीच अडकलो होतो.

म्हणून 'ब'ला वेगळी वागणूक. रेघेवर आधी एक लहानशी, नियमित थरथर दिसते, तीच ती गुणगुण. तिला हात लावायचा नाही. ओठ उघडतात तिथून हेलकावा सुरू होतो, निवड तिथून पुढेच करायची. आकडा बोलणाऱ्याच्या खर्जाच्या खाली ठेवायचा, मामांसाठी ९०, आणि उतार सौम्य, १२ चा. तेवढ्याने धप्प पूर्ण जात नाही. उरलेल्या तुकड्याचा आवाज पाच-सहा डेसिबलने खाली ओढायचा आणि थांबायचं. थोडी धप्प उरली तर लोक माफ करतात, पण वडिलांचं पोट कोणी माफ करणार नाही. 'भ'लाही हाच नियम. 'फलाटा'वरचा 'फ' मात्र गळ्याने गप्प आणि वाऱ्याने सढळ. त्याची निवड जरा लांब घ्यायची आणि खुशाल कापायचं.

'बोरीबंदर'चा 'बो' एवढ्यानेही बधेना. तिथे मामांनी इतका जोर लावला होता की हेलकाव्याचा माथा वर आपटून सपाट झाला होता. असं झालं की फिल्टरने धप्प जाते, पण ठेचल्यासारखी एक खरखर मागे राहते. जे नोंदलंच गेलं नाही ते परत कुठून आणणार? अशा वेळी दुसऱ्या जागेवरून अक्षर उसनं आणावं लागतं. पुढे एके ठिकाणी मामांनी 'बोरीबंदर' म्हणता म्हणता स्वयंपाकघराकडे मान वळवून "अगं, चहा!" असं म्हटलं होतं. ते 'बोरीबंदर' निष्कलंक होतं. माईक तोंडापासून तितकाच जवळ, पण झोत त्याच्या बाजूने निघून गेलेला. मामांनी मान चाळीसेक अंश वळवून सगळं वाचलं असतं, तर मी तो आठवडा तलावपाळीवर भेळ खात काढला असता. वळलेल्या तोंडाचा आवाज किंचित मंद येतो, म्हणून आख्खा शब्द न आणता नुसता 'ब' आणला आणि 'ओ' मूळचाच ठेवला. सांधा चहासकट बेमालूम झाला, म्हणजे चहा वगळून.

शेवटी आवाजाची पातळी वाढवली, आणि ती शेवटीच वाढवायची असते. आधी वाढवायला गेलो तेव्हा सगळ्यात उंच गोष्ट धप्पच होती. प्रोग्रॅमने तिचं डोकं छताला टेकवलं आणि तो थांबला, मामा बिचारे खालीच कुजबुजत राहिले. धप्पा गेल्यावर मामांना उभं राहायला जागा मिळाली.

स्नेहसंमेलनात मंडपवाल्याने माणसाच्या उंचीचे दोन बॉक्स लावले होते आणि बास पूर्ण वाढवला होता. माझ्या पोटात गोळा आला. पण पांचपाखाडी गेली, कापूरबावडी गेली, बोट धरून वडील गेले, बोरीबंदरची गाडीसुद्धा एकही गचका न देता ठाण्यात आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांना भरून आलं. आभार मानायला ते उठले, मंडपवाल्याच्या हातातून माईक घेतला, लग्नाच्या हॉलमधल्या सवयीने ओठांना टेकवला आणि म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो..."

पहिल्या रांगेतल्या आजींनी कानाचं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं.