लग्न जमत नाही म्हणून नारायण नागबली?

फिरत असलेला मजकूर असा: "लग्न जमत नाही, मूल होत नाही, पैसा टिकत नाही, म्हणजे पितृदोष. नारायण नागबली आणि त्रिपिंडी दोन्ही करावीच लागतात, शास्त्रात सांगितलंय. फक्त त्र्यंबकेश्वरलाच होतात. एका दिवसात उरकतात. केली की अडचण सुटते."

आधी शास्त्राचं बघू, कारण त्याच्या नावावरच सगळा जोर आहे. यात दोन वेगळे विधी एकत्र केलेले आहेत. नारायणबली दुर्मरणासाठी असतो: अपघात, बुडणं, जळणं, आत्महत्या, सर्पदंश. नागबली नाग मारल्याच्या दोषासाठी. धर्मसिंधूत या विधींचा संबंध संततीशी जोडलेला आहे, हे मान्यच करायला हवं. म्हणजे मूल होत नसेल तर गुरुजी हे सुचवतात, त्याला ग्रंथाचा आधार आहे. पण अडलेली बढती, थकलेलं कर्ज, लांबलेलं लग्न ही भर नंतरची आहे.

त्रिपिंडीचं कारण याहून वेगळं. सलग तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ श्राद्ध झालं नसेल तर ती करतात. जव, तांदूळ आणि तीळ अशा तीन पिठांचे तीन पिंड असतात, आणि ब्रह्मा, विष्णू, रुद्र यांची पूजा असते. यात नाव-गोत्र घेत नाहीत, कारण कोणाचं राहून गेलं हेच ठाऊक नाही असं गृहीत असतं. जिथे दरवर्षी तिथीला पान वाढलं जातं, तिथे या विधीचं कारणच उरत नाही.

माझ्या मावसबहिणीच्या घरचं सांगते. मुलगा चौतिशीचा, लग्न जमेना. पत्रिका पाहणाऱ्याने दोन्ही विधी सांगितले. नवऱ्याचा या कशावर विश्वास नाही, पण सासूबाई हट्टाला पेटलेल्या. तेव्हा त्याने वाद न घालता विचारलं, "कोणासाठी करायचं?" मग घरातले मृत्यू आठवायला बसले. आजोबा म्हातारपणी अंथरुणावर गेले, आजी दवाखान्यात. श्राद्धं एकही वर्ष चुकलेली नाहीत. शेतावर कोणी नाग मारल्याचं कोणाला आठवेना. म्हणजे मजकुराच्या शास्त्रानेच पाहिलं तरी दोन्ही विधींना निमित्त सापडलं नाही. मुलगा मात्र चार वर्षं फिरतीच्या नोकरीत होता आणि स्थळं बघायला कोणाला वेळच झाला नव्हता, हेही त्याच बैठकीत निघालं.

एका दिवसाची गोष्ट त्रिपिंडीपुरती खरी आहे. ती काही तासांत होते. नारायण नागबलीला त्र्यंबकेश्वरी तीन दिवस लागतात आणि मुहूर्त रोजचा नसतो. कुशावर्तावर स्नान करायचं, मग अहिल्या-गोदावरी संगमापाशी स्मशानालगत विधी. कणकेचा प्रेतपुतळा करून त्याला अग्नी देतात, नागाची कणकेची प्रतिमाही दहन करतात. त्याचं सुतक पाळायचं असतं. तिसऱ्या दिवशी गणेशपूजन, पुण्याहवाचन आणि सोन्याच्या नागप्रतिमेचं पूजन. नवं कोरं धोतर, साडी लागते आणि विधीतले कपडे तिथेच सोडून यायचे असतात. तोवर गाव सोडू नये असा दंडक. कोणी "दोन्ही एका दिवसात आटपून देतो" म्हणालं, तर त्यातलं काय गाळणार हे विचारावंच. दक्षिणेत साहित्य, सोन्याची प्रतिमा, जेवण, राहणं यातलं काय धरलंय, हेही आधी ठरवून घ्यावं. वाद बहुधा तिसऱ्या दिवशी, प्रतिमेच्या वजनावरून होतो.

त्र्यंबकेश्वर मोठं ठिकाण आहे, एकमेव नाही. नारायणबली गोकर्णलाही होतो, आणि त्रिपिंडी काशीत पिशाचमोचन कुंडावर.

अडचण सुटण्याबद्दल मात्र माझं मत सरळ आहे. मूल होत नसेल तर आधी दोघांच्याही तपासण्या करा, नवऱ्याची वीर्यतपासणी धरून. ती सोपी आणि स्वस्त असूनही बहुतेक घरांत सर्वात शेवटी होते. विधी करायचाच असेल तर औषधं चालू ठेवून करता येतो, तीन दिवसांसाठी इंजेक्शनाची तारीख पुढे ढकलू नका.

आणि जिथे पोरगा खरंच अपघातात गेलाय, आईची झोप उडालीये, तिथे मी नास्तिक असूनही "कशाला करताय" म्हणणार नाही. तिथे तो विधी निरोपासाठी असतो, नोकरी मिळवण्यासाठी नव्हे.

बहिणीच्या सासूबाईंनी शेवटी त्र्यंबकच्या एका गुरुजींना फोन लावलाच. त्यांनी पहिलं विचारलं, "वर्षश्राद्ध होतं ना घरी? मग त्रिपिंडी कशाला?" नागबलीचंही तेच म्हणाले. सासूबाईंना हे पटायला आठवडा लागला. स्वतःच्या लेकाचं म्हणणं त्यांनी वर्षभर ऐकलं नव्हतं.