खुलासा: गिअर अडकला म्हणजे प्लेट गेली असे नाही

एक मेसेज फिरतो आहे: 'क्लच स्लिप होवो वा गिअर अडको, क्लच प्लेट गेली समजा, लगेच बदला.'

हे अर्धेच खरे आहे. चोर्ल्याच्या चढणीला चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही, ही स्लिप. तिथे बहुधा प्लेट झिजलेली असते.

पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स करकरत असेल, तर क्लच इंजिनापासून पूर्ण सुटत नाही, म्हणून गिअर अडकतो. आमच्या फोंड्याच्या गाडीत पेडल तीन-चारदा भराभर दाबले की गिअर सहज पडायचा; म्हणजे पेडलचा दाब द्रवाने क्लचपर्यंत नेणाऱ्या हायड्रॉलिकमध्ये हवा किंवा गळती. त्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर ओला निघाला. तो बदलून हवा काढली, प्लेट तीच राहिली. केबलच्या गाडीत आधी केबल तपासा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.