कंदील स्पर्धेचं परीक्षण दुपारी चार वाजता, टेबलावर? नको!

दिवाळी जवळ आली की गल्लोगल्ली, सोसायटी-सोसायटीत आकाशकंदील स्पर्धा लागतात आणि बहुतेक ठिकाणी परीक्षण दिवसाउजेडी उरकतं. कंदील ओळीने टेबलावर मांडलेले असतात. परीक्षक हातात कागद घेऊन फिरतात, 'कलाकुसर', 'प्रकाशयोजना', 'मजबुती' अशा तीन रकान्यांत आकडे भरतात. यातले दोन रकाने अंदाजाने भरलेले असतात हे उघड आहे. न पेटवलेल्या कंदिलाच्या प्रकाशाला मार्क कसे देणार? आणि टेबलावर बसलेल्या कंदिलाची मजबुती कशी कळणार?

माझं म्हणणं एवढंच की कंदील अंधार पडल्यावर, टांगून आणि पेटवून तपासावा. आणि हे तीन रकाने सुटे नाहीत, एकात केलेली चलाखी दुसऱ्यात उघडी पडते. पारंपरिक बांबूच्या कंदिलावरच हे नीट समजावता येतं.

चार चौकोन टोकावर उभे करून बाजूच्या टोकांना एकमेकांशी बांधायचे, वर एक चौकोन, खाली एक चौकोन. हा साधा कंदील. यात २४ कामट्या लागतात आणि सगळ्या एकाच मापाच्या चालतात. सहा चौकोनांचा षट्कोनी कंदील करायला घेतला की गंमत होते. मुलं ३६ कामट्या सरसकट २० सेंटीमीटरच्या कापतात. पण चौकोन सपाट आणि सरळ उभे राहायला हवे असतील तर वरच्या आणि खालच्या कड्यातल्या मिळून १२ कामट्या साधारण साडेचोवीस सेंटीमीटरच्या लागतात. त्या २० च्याच घेतल्या तर कडं आवळलं जातं, चौकोनांची वरची आणि खालची टोकं आत ओढली जातात आणि प्रत्येक चौकोन मधोमध आडवा दुमडतो. कागद चिकटवताना त्या दुमडीवर चुण्या पडतात. टेबलावर लांबून त्या दिसत नाहीत. आत दिवा लागला की मात्र प्रत्येक चौकोनाच्या पोटावर काळपट रेघ उमटते. षट्कोनी कंदिलाची कलाकुसर बघायची तर आधी हीच जागा बघावी. तिथे कागद ताठ असेल तर करणाऱ्याने माप काढून कामट्या कापल्यात.

आता मजबुती. त्रिकोण हलत नाही, चौकोन तिरपा होतो. कंदिलात चौकोन भरपूर, म्हणून सांगाडा पिळ घेतो. तपासायची पद्धत सोपी आहे. वरचं कडं एका हातात, खालचं दुसऱ्या हातात धरून अगदी हलकं फिरवून बघा. चांगला कंदील एकसंध जाणवतो. ढिला असेल तर हात थोडा पुढे जातो आणि चौकोनांच्या कागदावर तिरप्या सुरकुत्या येऊन परत जातात. असा कंदील गॅलरीतल्या वाऱ्यात दोन-तीन रात्रींत सांध्याजवळ फाटणार. कागद ताणून चिकटवलेला असला तर तोच थोडा आधार देतो, पण रात्रीच्या दवाने तो सैलावतो आणि तो आधारही जातो.

उपाय म्हणून काहीजण प्रत्येक चौकोनात एक आडवी कामटी घालतात. मजबुतीला उत्तम, पण दिवा लागला की तीच कामटी जाड काळी पट्टी होऊन चौकोनाचे दोन तुकडे करते. त्यापेक्षा कागद लावण्याआधी चौकोनात साध्या शिवणदोऱ्याची ताणून फुली बांधावी. दोरा ढकल सहन करत नाही, ओढ करतो. म्हणून फुलीच हवी, एक दोरा पुरत नाही. चौकोन कुठल्याही बाजूला तिरपा व्हायला लागला की एक ना एक दोरा त्याला धरतो. सावली पडते, पण केसासारखी. आत डोकावून अशी फुली दिसली तर मजबुतीच्याच नव्हे, प्रकाशाच्याही रकान्यात हात सैल सोडावा.

प्रकाशाबद्दल दोनच गोष्टी. पहिली म्हणजे साधा एलईडी बल्ब उलटा टांगला की त्याचा जवळजवळ सगळा उजेड खाली आणि बाजूला जातो, कारण वरच्या बाजूला त्याचं प्लास्टिकचं बूड आडवं येतं. बरोबर मध्यावर टांगला तर वरचे त्रिकोण मंद राहतात आणि कंदील टोपी घातल्यासारखा दिसतो. होल्डर वरच्या कड्याच्या जवळ घेतला की बराच फरक पडतो. काचेत पिवळ्या काड्या दिसणारा फिलामेंट पद्धतीचा एलईडी चारही बाजूंना उजेड टाकतो, तो मध्यावरही चालतो. दुसरी गोष्ट कागदाची. पतंगी कागद उजेड पसरवतो. जिलेटीन पसरवत नाही, त्यातून नुसता रंगीत बल्ब दिसतो. झगमगाटाला भुलून जिलेटीनला जास्त मार्क देणारे परीक्षक बरेच आहेत. त्यांनी पाच पावलं मागे जाऊन बघावं की कंदील उजळलाय का बल्ब. रंगाचंही असंच आहे. पिवळसर उजेडात निळा कागद काळवंडतो आणि पांढऱ्याफट्ट उजेडात लाल फिका पडतो. बल्ब बघून कागद निवडलाय का, हे इथे कळतं.

कार्डशीटच्या जाळीकामाचे कंदील दिवसा सगळ्यात देखणे, आणि टेबलावर तेच जिंकतात. त्यांची खरी परीक्षा टांगण्याच्या भोकाशी असते. नुसत्या कार्डातून ओवलेली सुतळी एका ओल्या रात्रीत भोक लांबवते. आतून कामटी आडवी घालून तिला सुतळी बांधलेली असेल तर ठीक. जाळीमागे लावलेल्या बटरपेपरला सगळीकडे गोंद फासला असेल तर दिव्यात ढगासारखे डाग दिसतात. कडेकडेने चिकटवलेला स्वच्छ दिसतो.

फुग्यावर गोंदातला दोरा गुंडाळून केलेल्या गोल कंदिलाचं मला फारसं कौतुक नाही. भिंतीवर जाळीदार सावली सुरेख पडते हे खरं, पण बल्ब थेट डोळ्यांत येतो. परतीचा पाऊस लांबला असेल तर गोंद ओलावा धरतो आणि गोल खालून चेपतो. अंगठ्याने बुडाशी दाबून बघा. दबून तसाच राहिला तर तो लक्ष्मीपूजनापर्यंत पोचणार नाही.

शेपट्या मात्र सगळ्याच कंदिलांच्या बघाव्यात. खालच्या कडेला नुसती टोकं चिकटवलेली असतील तर पहिल्या झुळुकीत त्या मूळ कागद सोलून काढतात. कामटीभोवती दोनेक सेंटीमीटर गुंडाळून चिकटवलेली शेपटी टिकते.

आयोजकांना एवढंच करायचंय. कंदील संध्याकाळी सहाला टांगायचे, निदान तीन तास पेटते ठेवायचे, प्रत्येकासमोर दीड मीटरवर पाच मिनिटं टेबलफॅन लावायचा आणि परीक्षकांना नऊ वाजता बोलवायचं. कंदिलाचं वजन वायरवर आहे का सुतळीवर, हेही तेव्हाच बघायचं. वायर सैल आणि सुतळी ताठ हवी. उलटं असेल तर तो कंदील लगेच खाली उतरवायचा, मार्कांचं नंतर बघू.