‘दुकानदारी’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

एका वाचकाची प्रतिक्रिया:

«ताई, मागच्या लेखात तुम्ही व्हिडिओखाली झाडाची चार-चार नावं, मातीचं प्रमाण, हंगाम, ‘पानं पिवळी का पडतात’ असलं सगळं लिहायला सांगितलंत. ही बाग नाही, दुकानदारी आहे. हंगाम लिहून काय होणार? बघणाऱ्याला कळतंच की. टॅगना आता कुणी विचारत नाही. आणि थंबनेल जरा कमी भडक ठेवा.»

नमस्कार. प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुद्दा पटला नसता तरी चाललं असतं, पण ‘दुकानदारी’ हा शब्द तुम्ही ज्या सुरात टाकलात तो खटकला. दुकानात बसणारा माणूस खोटंच बोलतो असं तुमचं मत दिसतं. तर सांगते, मी सासऱ्यांच्या कृषी सेवा केंद्रात काउंटरला बसले आहे, एकदोन दिवस हौसेनं नव्हे, बरीच वर्षं. तिथे येणारा माणूस ‘फुलकिड्यांवर काय आहे?’ असं विचारत नाही. तो प्लास्टिकच्या पिशवीतून एक पान काढतो आणि म्हणतो, ‘वहिनी, मिरची आकसली, काय देताय?’ हाच माणूस घरी जाऊन मोबाइलवर शोधतो तेव्हाही तो हेच लिहितो. व्हिडिओच्या शीर्षकात त्याचे शब्द असावेत, एवढंच मी लिहिलं होतं.

आता हंगाम. हे वाक्य तुम्ही सहज टाकून दिलंत, म्हणून मी त्यावरच थांबणार आहे.

काउंटरवर मी पान बघायच्या आधी विचारायचे, ‘पाणी कधी घातलं?’ कारण मिरचीची पानं पिवळी पडण्याचं जुलैतलं कारण आणि एप्रिलमधलं कारण वेगळं असतं. जुलैत कुंडी सतत ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, आणि खालची पानं आधी पिवळी होतात. कधी झाड ओल्या मातीतच मान टाकतं. बोट दोन पेरं आत घालून बघा, चिखल लागला आणि माती आंबूस वास मारत असली तर पाणी बंद करायचं, कुंडीखाली विटा ठेवायच्या, खालची भोकं मोकळी करायची. एप्रिलमध्ये उलटं होतं. स्लॅब तापलेला, कुंडी कोरडी, झाड दुपारी मलूल होतं आणि संध्याकाळी पुन्हा सावरतं. तिथे सकाळी भरपूर पाणी आणि दुपारची सावली हाच उपाय. लक्षण एक, उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध.

बघणाऱ्याला हे कळतं म्हणता? एका ओळखीच्या चॅनलवर पुण्यात एप्रिलमध्ये चित्रित केलेला मिरचीचा व्हिडिओ जुलैच्या शेवटी चढवला गेला. व्हिडिओत सांगितलं होतं, रोज सकाळी भरपूर पाणी. वर्णनात हंगामाचा उल्लेखच नाही. खाली प्रश्न सुरू झाले: ‘रोज पाणी घालते, तरी पानं पिवळीच.’ बिचाऱ्या सांगितल्याप्रमाणेच करत होत्या! व्हिडिओच्या खाली चढवल्याची तारीख दिसते, पण पानं पिवळी पडली की त्या तारखेचा हिशेब मांडत कोण बसतं? यूट्यूब स्टुडिओत ‘Recording date and location’ असा रकाना आहे, पण बघणाऱ्याची नजर जाते ती वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींवर, कारण पुढचं सगळं ‘अधिक’च्या मागे दडलेलं असतं. म्हणून हंगाम तिथेच हवा.

त्या व्हिडिओच्या वर्णनाची सुरुवात मी अशी करीन: ‘मिरचीची पानं पिवळी पडली? पुण्यात गच्चीवर, उन्हाळ्यात (एप्रिल) चित्रित. 12 इंची कुंडी, मिश्रण: 2 भाग लाल माती, 1 भाग भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट, 1 भाग कुजलेलं शेणखत, सगळं एकाच डब्यानं मोजलेलं. पावसाळ्यात पाणी रोज देऊ नका, 6:10 पाहा.’ एवढं वाचलं की माणसाला हा व्हिडिओ आपल्या कामाचा आहे की नाही ते तो पूर्ण बघण्याआधीच समजतं.

प्रमाण ‘डब्यानं मोजलेलं’ असं का लिहायचं, हेही सांगते. कोकोपीटची 5 किलोची वीट भिजली की 60-70 लिटरच्या आसपास होते. वजनाचं प्रमाण धरलं तर सगळा हिशेब विस्कटतो. आणि नुसती ‘माती’ लिहून भागत नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, तिचे 2 भाग पावसाळ्यात कुंडीत चिखल होतात. कोकणात जांभ्याची माती असेल तर तिच्यातून पाणी चटकन निघून जातं. व्हिडिओत तुम्ही पाटीभर माती ओतताना दिसता, पण ती काळी की लाल, हे कॅमेऱ्यात नेहमी नीट दिसतं असं नाही.

टाइमस्टॅम्पचंही तसंच. यूट्यूबवर ते चालायचे तर पहिला 0:00 पाहिजे, किमान तीन पाहिजेत, क्रमानं पाहिजेत आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा पाहिजे. तिथे ‘प्रस्तावना’ आणि ‘समारोप’ लिहिण्यात जागा घालवू नका. असे लिहा:

0:00 पानं पिवळी, आधी काय बघायचं
2:05 पानं वर वळली: फुलकिडे
3:40 पानं खाली वळली: कोळी
4:50 झाड खुरटलं, पानं बारीक झाली: विषाणू
6:10 पावसाळ्यात पाणी किती

यात फुलकिडे आहेत, कोळी आहे, पण लक्षण आधी आणि किडीचं नाव मागून. नवख्याला किडीचं नाव ठाऊक असतं तर तो व्हिडिओ बघायला आलाच नसता. आणि विषाणूवर औषध नाही, रोगट झाड उपटून टाकणंच शहाणपणाचं आहे. हा रोग पांढरी माशी पसरवते, म्हणून शेजारच्या कुंड्यांकडेही बघायचं.

टॅगबद्दल तुमचं म्हणणं बव्हंशी मान्य. शोधात टॅगचा वाटा अगदी थोडा, हे यूट्यूबही सांगतं, चुकीच्या स्पेलिंगसाठी ते उपयोगी पडतात. आपल्याकडे लोक रोमनमध्ये ‘mirchi pane pivali’ असं कसंही टाइप करतात, ते तिथे टाकायचं आणि सोडून द्यायचं. वर्णनात चाळीस नावांची माळ लावणं तर नियमांतही बसत नाही, आणि मी तसं कधी सुचवलेलंच नाही. पुन्हा एकदा वाचा.

नावांचंही लेखात होतं. सोलापूरची मुलगी दोडका शोधते आणि रत्नागिरीची शिराळं शोधते, वेल एकच. वर्णनात दोन्ही लिहायची. घोसाळं मात्र त्यात ढकलू नका, ती वेगळी भाजी आहे. याला तुम्ही दुकानदारी म्हणत असाल तर म्हणा, मी वाद घालणार नाही. मी तर घातलाच आहे म्हणा.

थंबनेलचं भाच्याला कळवलं आहे. तो म्हणाला, पिवळं पान पिवळंच दाखवणार.