आजोबांच्या फेट्याखाली काकू

विश्रामबागेत माझा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या महिन्यात एका घरानं पाच जणांचे सुटे फोटो आणून दिले. पाचही जण एकत्र कधी बसलेच नव्हते, त्यांचा एकच ग्रुप फोटो एआयवर करून हवा होता. मागे उभे काका, काकू, आत्या. पुढे खुर्चीवर आजोबा, आजी.

आधी मी भाबडेपणानं प्रॉम्प्टमध्येच क्रम लिहिला, डावीकडून उजवीकडे, वर्तमानपत्रात लिहितात तसा. काकांना आत्याचं नाक आलं. पाच फोटो एकदम दिले की मॉडेल सगळ्यांचे गुण सगळ्या चेहऱ्यांवर शिंपडतं. 'दुसरा फोटो म्हणजे डावीकडून दुसरी जागा' हे त्याला वाक्यातून नीट कळत नाही. म्हणून प्रत्येक फोटोला चौकटीचा मास्क लावला. ज्याचा चेहरा, त्याच्याच चौकटीत. माणसं जागेवर आली, पण १०२४ पिक्सेल रुंदीत मागचे चेहरे बारके आणि पुसट. शेवटी फेस स्वॅप करायचं ठरवलं, म्हणजे तयार फोटोत सापडलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर माझ्या यादीतला त्याच नंबरचा मूळ चेहरा चढवायचा.

खरा घोळ तिथंच झाला. चेहरे शोधणारं टूल ते डावीकडून देईलच असं नाही. साधारण ज्याची खात्री जास्त तो आधी. म्हणून मी डाव्या कडेवरून क्रम लावला. माझ्या फोटोंची यादी मात्र आधी मागची रांग, मग पुढची अशी होती. आणि दोन रांगांत डोकी एकाआड एक येतात: काका, आजोबा, काकू, आजी, आत्या. काका तेवढे बरोबर आले. आजोबांच्या फेट्याखाली काकू, काकूंच्या साडीत आत्या, आजींना आजोबा, आत्याच्या जागी आजी! गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, हे नाटकाचं पोस्टर हाय का?"

उपाय एका ओळीचा. आधी रांग, मग डावं-उजवं:

```
faces.sort(key=lambda f: (f.bbox[1] > 400, f.bbox[0]))
```

४०० म्हणजे दोन रांगांमधली उंची, वरून पिक्सेलमध्ये मोजलेली, ती प्रत्येक फोटोत वेगळी. कुणी मध्येच गुडघ्यावर बसलं की तीही चुकते, मग हातानंच नंबर द्यायचे.

आता फोटो देण्याआधी तपासतो. तयार फोटोतला प्रत्येक चेहरा पाचही मूळ फोटोंशी ताडायचा. काकांच्या जागेवरच्या चेहऱ्याला साम्याचे सगळ्यात जास्त गुण काकांच्याच फोटोशी मिळाले पाहिजेत. आकडा किती आला याला मी फार मानत नाही, बारक्या चेहऱ्यांचा तो कमीच येतो; पहिला नंबर कुणाचा, ते बघतो. सख्ख्या भावंडांत तेही फसू शकतं, तिथं घरच्या माणसालाच दाखवावं.

आणि हो, चिठ्ठीवर "आत्या डावीकडं" लिहिलेलं असेल तर विचारा, कुणाच्या डावीकडं? या घरानं आजींच्या डाव्या हाताला असं धरलं होतं, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडं. तेव्हापासून मी चिठ्ठी घेत नाही. कोऱ्या कागदावर पाच चौकोन काढून देतो, नावं त्यांनीच भरायची.